लेखाचं निवेदन करताना वाक्य कुठे तोडावं, आकृतीचं काय करावं

प्रश्न: मी सोप्या विज्ञानाचे लेख लिहितो. आता तेच लेख माझ्या आवाजात रेकॉर्ड करायचे आहेत. पण लेख जसाच्या तसा वाचला की पाठ्यपुस्तक वाचल्यासारखं वाटतं, आणि मधेच ‘खालील आकृती पाहा’ येतं. वाक्यं लहान करा असं सगळे सांगतात, पण ती तोडायची कुठे? आणि आकृत्या, तक्ते, कंस यांचं काय करायचं?

उत्तर:

मराठीत क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं. वाचणाऱ्याची त्यानं अडचण होत नाही. त्याची नजर पुढे धावते, गरज पडली तर मागे येते. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. क्रियापद कानावर पडेपर्यंत त्याला कर्ता, त्याची विशेषणं, काळ, अंतर, अट असं सगळं लक्षात धरून बसावं लागतं. म्हणून वाक्य हातात घेतल्यावर मी शब्द मोजत नाही. क्रियापदाच्या आधी किती ओझं साठलंय ते बघतो. वीस शब्दांचं वाक्यही कानाला सोपं जातं, जर ते ‘आणि मग’, ‘पण’, ‘म्हणून’ करत पुढे उलगडत असेल. त्याच्या निम्म्या लांबीचं वाक्य जड होतं, जर सगळा ऐवज नामाच्या आधी रचून ठेवला असेल.

हे एका उताऱ्यावरच करून बघू. चंद्राबद्दलच्या लेखातला परिच्छेद असा आहे असं धरा:

‘पृथ्वीपासून सरासरी 3,84,400 कि.मी. अंतरावरून तिच्याभोवती फिरणाऱ्या चंद्राला ताऱ्यांच्या संदर्भात एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास सुमारे 27.3 दिवस लागत असले, तरी एका पौर्णिमेपासून पुढील पौर्णिमेपर्यंतचा काळ (चांद्रमास) मात्र सुमारे 29.5 दिवसांचा असतो, हे खालील तक्त्यावरून स्पष्ट होते. याचे कारण आकृती 2 मध्ये दाखवले आहे. चंद्राची प्रदक्षिणा सुरू असताना पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकत असून (स्थान अ ते स्थान ब), तो पुन्हा सूर्याच्या विरुद्ध बाजूस येण्यासाठी त्याला आणखी काही अंतर कापावे लागते (निळा बाण पाहा). अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा.’

कागदावर हा परिच्छेद वाईट नाही. माहिती बरोबर आहे आणि शेजारी आकृती असेल तर समजतोही. आता तो मोठ्यानं वाचा. पहिल्या वाक्यात श्वास बहुतेक ‘लागत असले, तरी’पाशी संपेल. तिथपर्यंत ऐकणाऱ्याकडे एक अंतर, एक कालावधी आणि ‘ताऱ्यांच्या संदर्भात’ ही अट जमा झालेली असते. पण हे सगळं कशासाठी चाललंय, ते त्याला अजून कळलेलं नसतं.

तोडायची पहिली जागा म्हणजे नामाच्या आधी आलेली ‘-णारा’, ‘-लेला’ची माळ. ‘पृथ्वीपासून सरासरी अमुक अंतरावरून तिच्याभोवती फिरणाऱ्या चंद्राला’ या तुकड्यात खरं तर दोन विधानं लपली आहेत. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, हे एक. तो इतक्या अंतरावर आहे, हे दुसरं. अशी माळ सुटी केली की प्रत्येक विधानाला स्वतःचं क्रियापद मिळतं. मग प्रत्येकाला विचारायचं, की इथे तुझं काम काय? या परिच्छेदाचा प्रश्न दिवसांच्या फरकाचा आहे. अंतराचा त्या प्रश्नाशी काही संबंध नाही, म्हणून 3,84,400 हा आकडा मी इथून काढून टाकतो. लेखात तो विशेषणात बसून फुकट आत आला होता. निवेदनात त्याला पूर्ण वाक्य द्यावं लागलं असतं आणि ऐकणारा तो आकडा उगाच सांभाळत बसला असता.

पण ‘ताऱ्यांच्या संदर्भात’ हे दोन शब्द काढायचा मोह आवरा. ऐकायला ते तांत्रिक वाटतात, म्हणून घाईत काट मारणारे पहिल्यांदा तेच उडवतात. ते गेले तर ‘फेरी पूर्ण झाली’ या म्हणण्याला आधार उरत नाही. फेरी पूर्ण झाली हे कुठल्या खुणेवरून ठरवायचं? सूर्यावरून ठरवलं तर 29.5 दिवस, दूरच्या ताऱ्यांवरून ठरवलं तर 27.3. सगळं कोडं त्या दोन शब्दांतच आहे. तेव्हा अशी अट सापडली की तिला वाक्यातून सोडवून स्वतंत्र वाक्य द्यायचं. छाटणी करताना मी सर्वांत जास्त सावध इथेच असतो. वाक्य लहान करणं आणि विधान ढिलं करणं या दोन गोष्टी हातून एकदम घडू शकतात, आणि दुसरी घडलेली लगेच लक्षात येत नाही.

तोडायची दुसरी जागा म्हणजे ‘असून’, ‘तसेच’, ‘असले तरी’ असे लेखी सांधे. यातला ‘असून’ सगळ्यांत फसवा. ‘पृथ्वी पुढे सरकत असून चंद्राला आणखी अंतर कापावे लागते’ यात पहिली गोष्ट दुसरीचं कारण आहे, पण ‘असून’ ते सांगत नाही. वाचक थांबून तो संबंध जुळवतो. ऐकणाऱ्याला तेवढी उसंत मिळत नाही. म्हणून वाक्य ‘असून’पाशी तोडताना संबंध उघड करायचा: ‘पृथ्वीही पुढे सरकते. त्यामुळे चंद्राला आणखी अंतर कापावं लागतं.’ ‘असले तरी’च्या जागी पूर्णविराम देऊन पुढचं वाक्य ‘पण’नं सुरू करायचं. लेखात ‘पण’नं वाक्य सुरू करायला पुष्कळ जण कचरतात. बोलताना आपण सगळे तेच करतो.

आता आकृतीकडे. डोळ्यांसाठी लिहिलेल्या शब्दांत दोन प्रकार असतात आणि त्यांना वेगवेगळी वागणूक लागते. काही शब्द नुसतं बोट दाखवतात. ‘हे खालील तक्त्यावरून स्पष्ट होते’, ‘येथे क्लिक करा’ हे त्यातले. ते सरळ खोडा, अर्थ तसूभरही कमी होत नाही. या उताऱ्यातल्या तक्त्यात दोनच आकडे आहेत आणि ते दोन्ही वाक्यात आधीच आलेत.

दुसरा प्रकार म्हणजे ज्यांनी बोट दाखवलं तिथे खरंच काहीतरी आहे असे शब्द. ‘स्थान अ ते स्थान ब’ आणि ‘निळा बाण पाहा’ खोडले तर वाक्य व्याकरणानं पूर्ण राहतं, पण समजावण्याचं काम अर्धं राहतं, कारण स्पष्टीकरण आकृतीनं उचललं होतं. इथे आकृती शब्दांत उभी करावी लागते. त्याचा एक क्रम आहे आणि तो पाळला की काम बरंच हलकं होतं. आधी एक स्थिर गोष्ट ठेवा. मग तिच्या संदर्भानं बाकीच्या गोष्टी मांडा, शक्यतो तीनच. सगळं जागच्या जागी बसल्यावर मग एका वेळी एकच गोष्ट हलवा. बाण म्हणजे हालचाल, म्हणून निवेदनात बाणाचं क्रियापद होतं. रंग, अक्षरं, क्रमांक यांची गरज आपोआप संपते. आकृतीत असलेली पण या प्रश्नाला न लागणारी प्रत्येक रेषा सोडून द्या. आपल्या आकृतीत पृथ्वीची कक्षा, चंद्राची कक्षा, ताऱ्यांकडे जाणाऱ्या समांतर रेषा असं बरंच काही असेल. ऐकणाऱ्याला मात्र एक सरळ रेघ पुरते.

हे सगळं लावल्यावर परिच्छेद असा होतो:

‘एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत किती दिवस जातात? साधारण साडेएकोणतीस. पण चंद्राला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला तेवढे दिवस लागत नाहीत. समजा, आज चंद्र एखाद्या ताऱ्याजवळ दिसतोय. फिरत फिरत तो पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येतो, तेव्हा त्याची एक फेरी पूर्ण होते. आणि त्याला लागतात साधारण सव्वासत्तावीस दिवस. मग हे वरचे सव्वादोन दिवस कुठून आले?

मनात एक सरळ रेघ काढा. रेघेच्या एका टोकाला सूर्य. मधे पृथ्वी. आणि पलीकडच्या टोकाला चंद्र. ही झाली पौर्णिमा. आता चंद्र निघाला. सव्वासत्तावीस दिवसांनी त्याची फेरी पूर्ण झाली. पण या दिवसांत पृथ्वी जागेवर थांबलेली नव्हती. तीही सूर्याभोवती बरीच पुढे सरकली. त्यामुळे आता सूर्यापासून पृथ्वीकडे रेघ काढली, तर तिची दिशा बदललेली आहे. चंद्र त्या रेघेवर अजून पोचलेला नाही. तिथे पोचायला त्याला आणखी थोडं पुढे जावं लागतं, आणि त्यातच जातात ते सव्वादोन दिवस.’

शब्द कमी झालेले नाहीत, उलट वाढलेत. चांगल्या निवेदनात असं बऱ्याचदा होतं. त्यामुळे ‘लेख छोटा करतोय’ अशा हिशेबानं बसू नका. वाक्यं लहान होतात, पण आकृतीनं आणि रचनेनं गुपचूप केलेलं काम आता शब्दांना करायचं असतं. लांबी आवरायची असेल तर एखादा अख्खा मुद्दा काढा. प्रत्येक मुद्दा थोडा थोडा खरवडून काढला तर सगळेच मुद्दे अर्धवट राहतात.

या रूपात आणखी दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिली आकड्यांची. 27.3 हे ‘सत्तावीस पूर्णांक तीन दशांश’ असं वाचलं तर कान तिथेच अडकतो. सव्वा, साडे, पावणे ही मराठीची सोय निवेदनात पुरेपूर वापरावी. फक्त आकडे ढोबळ करताना ते एकमेकांशी जुळायला हवेत. सव्वासत्तावीस आणि सव्वादोन मिळून साडेएकोणतीस होतात, म्हणून ऐकणाऱ्यानं मनात बेरीज केली तरी हिशेब बसतो. मी ‘सत्तावीस’ आणि ‘साडेएकोणतीस’ म्हणून पुढे ‘सव्वादोन दिवसांचा फरक’ म्हटलं असतं, तर लक्ष देऊन ऐकणारा माणूस नेमका तिथे थबकला असता. ‘साधारण’ हा शब्दही हवाच, कारण 27.3 म्हणजे काटेकोर सव्वासत्तावीस नव्हेत.

दुसरी गोष्ट सर्वनामांची. मूळ उताऱ्यात ‘तो पुन्हा सूर्याच्या विरुद्ध बाजूस येण्यासाठी त्याला’ असं आहे. चंद्र पुल्लिंगी आणि सूर्यही पुल्लिंगी. वाचताना मागे नजर टाकून ‘तो’ कोण ते ठरवता येतं, ऐकताना नाही. पृथ्वी स्त्रीलिंगी, म्हणून ‘तीही पुढे सरकली’ हे बिनधास्त चालतं. एकाच लिंगाच्या दोन गोष्टी एका परिच्छेदात असतील तर नाम पुन्हा उच्चारा, ते कितीही वेळा आलं तरी. लेखात पुनरुक्ती टाळायची जी सवय आपल्याला लागलेली असते, ती इथे सोडावी लागते.

वाक्यं तोडताना हमखास होणारा बिघाड म्हणजे ती जास्तच तोडणं. ‘चंद्र फिरतो. पृथ्वीही फिरते. पृथ्वी पुढे सरकते. रेघ बदलते. चंद्र पुढे जातो.’ प्रत्येक वाक्य सोपं आहे, पण एकत्र ऐकवत नाही. मराठीत हा दोष जास्त बोचतो, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं आणि ‘-तो, -ते, -ते, -तो’ असा ठेका पडतो. ‘आहे’नं संपणारी चार वाक्यं लागोपाठ आली तरी तेच होतं. हे ओळखायचं कसं? संहितेतल्या प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द एकाखाली एक लिहून बघा. त्याची यमकं जुळायला लागली तर काहीतरी बदलायला हवं. उपाय साधे आहेत. एखादं वाक्य क्रियापदाशिवाय सोडा, जसं वर ‘मधे पृथ्वी’ आहे. एखादा प्रश्न घाला, पण ज्याचं उत्तर लगेच देणार आहात असाच. बोलताना आपण क्रियापदानंतरही शब्द ठेवतो, तसा एखादा ठेवा: ‘त्याला लागतात साधारण सव्वासत्तावीस दिवस.’ आणि दोन-तीन छोट्या वाक्यांनंतर एक लांब वाक्य मुद्दाम येऊ द्या. वरच्या रूपातलं शेवटचं वाक्य तसं आहे. तिथे उत्तर हाती येतंय, म्हणून ते न तुटता वाहायला हवं होतं.

लेखभर पसरलेले बोट दाखवणारे शब्द शोधायला संगणकातला शोध वापरता येतो. वरील, खालील, पुढील, पाहा, दिसते, डावीकडे, उजवीकडे, येथे, आकृती, तक्ता, आणि कंसाचं चिन्ह. एकेक शोधा, पण एकदम सगळीकडे बदलू नका. ‘पौर्णिमेला चंद्र पूर्ण दिसतो’ यातलं ‘दिसतो’ आकाशातलं आहे, पानावरचं नाही, आणि ते राहायलाच हवं. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ खोडायचं नसेल तर जागेचं काळात रूपांतर करा: ‘मघाशी म्हटलं तसं’, ‘थोड्या वेळानं याकडे परत येऊ’. लेख पानावर पसरतो, निवेदन वेळात. तिथे वर आणि खाली नसतं, आधी आणि नंतर असतं.

शोधून न सापडणाऱ्या गोष्टी अधिक त्रास देतात, कारण त्या शब्दच नसतात. ठळक अक्षर, उपशीर्षक, परिच्छेदामधली मोकळी ओळ, अवतरणचिन्ह हे सगळं ऐकताना नाहीसं होतं. ठळक केलेला शब्द आवाजात जोर देऊन नेहमी सावरत नाही. तो वाक्यात अशा जागी आणा की जोर आपसूक पडेल, किंवा ‘च’ जोडा. ‘चंद्र नव्हे, पृथ्वीच पुढे सरकलेली आहे’ हे कसंही वाचलं तरी जोर जागेवर बसतो. उपशीर्षक वाचून दाखवू नका. ते का दिलं होतं ते आठवा, आणि तेवढं एका वाक्यात म्हणा. बहुतेक वेळा तिथे एक प्रश्न दडलेला असतो. वर ‘मग हे वरचे सव्वादोन दिवस कुठून आले?’ हे वाक्य उपशीर्षकाचंच काम करतंय. अवतरण असेल तर बोलणाऱ्याचं नाव आधी घ्या. लेखात ते शेवटी आलं तरी चालतं, पण ऐकणाऱ्याला तोवर ते मत तुमचंच वाटत राहतं.

कंसांचा निकाल पटकन लावता येतो. कंसातला मजकूर मोठ्यानं वाचताना आवाज खाली आणावा लागत असेल तर तो बहुधा काढण्यासारखा असतो. ‘चांद्रमास’ ही संज्ञा पुढे लागणार असेल तर तिला वाक्य द्या: ‘या काळाला चांद्रमास म्हणतात.’ पुढे लागणार नसेल तर काढून टाका.

काही मजकूर मात्र निवेदनात आणूच नये. वर्षभरातल्या पौर्णिमांच्या तारखा आणि वेळा देणारा तक्ता वाचून दाखवला तर तिसऱ्या ओळीनंतर कोणी ऐकत नाही. त्यातून निघणारी एक गोष्ट सांगा. उदाहरणार्थ, दोन पौर्णिमांमधलं अंतर साडेएकोणतीस दिवसांचं आणि महिना बहुतेक वेळा तीस किंवा एकतीस दिवसांचा, म्हणून इंग्रजी महिन्यातली पौर्णिमेची तारीख सहसा थोडी अलीकडे सरकते. पूर्ण तक्ता लिखित लेखात आहे, हे निवेदनाच्या शेवटी एकदाच म्हणा. मधे म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला अर्धवटच मिळतंय.

संहिता तयार झाली की ती बोलतो तशीच लिहा. ‘झाले’ नको, ‘झालं’. ‘कापावे लागते’ नको, ‘कापावं लागतं’. वाचताना आपोआप बदलू असं वाटतं, पण माइकसमोर डोळे जे बघतात तेच तोंड म्हणतं, आणि एका वाक्यात ‘झाले’, दुसऱ्यात ‘झालं’ अशी खिचडी होते. ‘उदा.’, ‘इ.’, ‘कि.मी.’ ही संक्षिप्त रूपं पूर्ण लिहा, आकडे अक्षरांत लिहा. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्या. जिथे ऐकणाऱ्यानं चित्र मनात उभं करायचं आहे, तिथे एक ओळ रिकामी सोडा आणि रेकॉर्ड करताना तिथे खरोखर थांबा. ‘पलीकडच्या टोकाला चंद्र’नंतर अशी ओळ हवी. लगेच ‘ही झाली पौर्णिमा’ म्हणून टाकलं तर रेघ मनात काढून व्हायच्या आधीच आपण पुढे गेलेलो असतो.

किती मिनिटं होतील याचा अंदाज इंग्रजीच्या शब्दसंख्येवरून काढू नका. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटतात, शब्द लांब होतात आणि मिनिटाला कमी बसतात. तुमच्याच संहितेचं एक पान नेहमीच्या वेगानं, थांबे घेऊन वाचा. किती वेळ लागला ते मोजा आणि त्यावरून पुढचा हिशेब करा.

शेवटी कच्चं रेकॉर्डिंग फोनवर करा आणि दुसऱ्या दिवशी कागद हातात न घेता ऐका. वाचताना एकाच जागी दोनदा जीभ अडखळली असेल तर उच्चाराचा सराव करत बसू नका, वाक्य बदला. मग विषय माहीत नसलेल्या एखाद्याला ऐकवा आणि ‘समजलं का?’ असं न विचारता ‘ते सव्वादोन दिवस कुठून आले, मला सांग’ असं विचारा. ‘चंद्र हळू होतो म्हणून’ असं उत्तर आलं, तर पृथ्वी सरकल्याचं वाक्य निसटून गेलंय, त्याला आणखी एक वाक्य आणि त्याच्या आधी एक थांबा द्या. ‘फेरी नक्की कधी पूर्ण झाली?’ असा उलट प्रश्न आला, तर ताऱ्याचं वाक्य पुरेसं उतरलेलं नाही. आणि ‘रेघ कुठली?’ असं विचारलं, तर आकृती फार भरभर मांडली गेली आहे. तेवढाच तुकडा पुन्हा लिहून पुन्हा रेकॉर्ड करा. बाकीच्याला हात लावायची गरज नसते.